स्ट्रोकनंतर पहिला घोट: खाटेजवळची गिळण्याची चाचणी कशी करायची आणि पुढची तपासणी कधी मागायची

स्ट्रोक झालेल्या माणसाच्या तोंडात काहीही जाण्याआधी त्याच्या गिळण्याची चाचणी व्हायला हवी. या 'काहीही'मध्ये पाण्याचा घोट येतो, दूध येतं आणि डॉक्टरांनी तातडीने लिहून दिलेली गोळीसुद्धा येते. वॉर्डात नव्याने रुजू झालेल्यांकडून नियम मोडतो तो बहुतेक वेळा गोळीपाशीच. जेवण बंद ठेवल्याचं सगळ्यांच्या लक्षात असतं, पण 'गोळी तर द्यायलाच हवी' म्हणून कुणीतरी अर्धा पेला पाणी ओठांना लावतं, आणि नेमकं तेच पाणी श्वासनलिकेत उतरतं.

हा लेख नव्या परिचारिका, निवासी डॉक्टर आणि स्पीच थेरपीचे विद्यार्थी यांच्यासाठी आहे. रुग्णाजवळ बसणाऱ्या नातेवाइकांनीही वाचायला हरकत नाही, मात्र चाचणी त्यांनी स्वतः करू नये. खाटेजवळच्या चाचणीला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: या माणसाला आत्ता तोंडाने द्यायला सुरुवात करावी की थांबावं? गिळणं का बिघडलंय आणि काय केलं तर सुधारेल, हे ती सांगत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो. कुणी चाचणीत नापास झालेल्या रुग्णाला आठवडाभर उपाशी ठेवतं, तर कुणी प्रत्येक घोट घट्ट करून देत राहतं.

आत काय बिघडतं

घशात हवेची आणि अन्नाची वाट एकमेकींना ओलांडून जातात. गिळताना साधारण सेकंदभर श्वास थांबतो, स्वरयंत्र वर आणि पुढे उचललं जातं, स्वरतंतू मिटतात आणि त्याच वेळी अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायूंचा पट्टा सैल होऊन उघडतो. घास खाली गेला की सगळं जागेवर येतं आणि आपण बहुधा श्वास बाहेर सोडतो. स्ट्रोकमध्ये ही साखळी कुठेही तुटू शकते. जिभेची एक बाजू कमजोर झाली तर पाणी वेळेआधीच घशात ओघळतं. गिळण्याची क्रिया सुरू व्हायला उशीर झाला तर पाणी उघड्या श्वासमार्गाजवळ थांबून राहतं. घशाच्या स्नायूंची ताकद कमी झाली किंवा अन्ननलिकेचं तोंड नीट उघडलं नाही, तर घास मागे उरतो आणि गिळून झाल्यावर श्वासमार्गात सांडतो. स्वरतंतूंच्या खाली अन्नपाणी उतरलं की त्याला ॲस्पिरेशन म्हणतात.

ॲस्पिरेशन झालं की ठसका लागेलच, असं आपण गृहीत धरतो. स्ट्रोकमध्ये मात्र घशाची आणि स्वरयंत्राची संवेदनाही बोथट होऊ शकते. मग पाणी फुप्फुसाकडे जातं आणि रुग्णाचा चेहराही बदलत नाही. याला मूक ॲस्पिरेशन म्हणतात. रुग्ण 'मला काही त्रास नाही' असं अगदी प्रामाणिकपणे सांगतो, कारण त्याला खरोखरच काही जाणवलेलं नसतं.

अभ्यासांचा एकत्रित आढावा २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात गिळण्याच्या त्रासाचं प्रमाण साध्या चाचणीने पाहिलं तेव्हा ३७ ते ४५ टक्के आलं, तज्ज्ञांनी खाटेजवळ तपासलं तेव्हा ५१ ते ५५ टक्के आणि यंत्राने आत पाहिलं तेव्हा ६४ ते ७८ टक्के. आजार एकच, पण जितकं जवळून पाहावं तितका जास्त सापडतो. खाटेशी बसून जे दिसतं त्याला मर्यादा आहे, हे या आकड्यांतून ध्यानात ठेवायचं.

पाण्याआधीची पाहणी

पाण्याचा पेला हातात घेण्याआधी पाच-सात मिनिटं नुसतं पाहण्यात आणि ऐकण्यात घालवा. माझ्या मते पूर्ण चाचणीतला सर्वात कामाचा भाग हाच आहे, आणि घाईत सर्वात आधी गाळला जातो तोही हाच.

पहिल्यांदा जाग पाहा. रुग्ण हाक मारल्यावर डोळे उघडतो आणि लगेच मिटतो का, की तुमच्याशी बोलत जागा राहतो? ऑस्ट्रियात तयार झालेल्या आणि 'गस' नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत किमान पंधरा मिनिटं जागं राहता येणं ही पहिली पायरी आहे. अर्धवट झोपेतल्या माणसाची चाचणी करायचीच नाही. 'झोपेत आहे, तोंडाने काही नको, काही तासांनी पुन्हा पाहू' एवढी नोंद करून थांबायचं. तो नापास झाला असं लिहायचं नाही, चाचणी झालीच नाही असं लिहायचं.

मग बसवा. शक्यतो सरळ, नव्वद अंशांच्या जवळपास. कमजोर बाजूला कलंडत असेल तर उशीचा आधार द्या. मान मागे गेलेली नको. ज्याला काही कारणाने तीस अंशांपेक्षा वर उचलायला मनाई आहे किंवा ज्याच्या गळ्याला श्वासासाठी छिद्र करून नळी बसवली आहे, अशा रुग्णाला ही साधी चाचणी लागू नाही. त्याला थेट स्पीच थेरपिस्टकडे सोपवा.

आता तोंड उघडायला सांगून टॉर्चने आत पाहा. सुकलेला कफ, अन्नाचे कण, निसटती कवळी हे सगळं आधी साफ करा. कोरड्या, घाण तोंडाने केलेली चाचणी खोटं उत्तर देते, आणि ॲस्पिरेशन झालंच तर त्या पाण्याबरोबर तोंडातले जंतूही खाली जातात.

नंतर आवाज ऐका. लांब 'आऽऽ' म्हणायला लावा. घशात पाणी अडकल्यासारखा गुळगुळ आवाज येत असेल, तर स्वतःची लाळही खाली जात नाहीये असं समजा. आवाज श्वास सुटल्यासारखा किंवा बसलेला असेल तर एखादा स्वरतंतू हलत नसण्याची शंका घ्या. मग मुद्दाम खोकायला सांगा. जोरदार, कोरडा, तुटक खोकला आला तर चांगलं. नुसता 'हं' असा फुसका आवाज आला, तर चुकून खाली गेलेलं बाहेर टाकायची ताकद त्याच्यात नाही.

शेवटी लाळ गिळायला सांगा आणि त्या वेळी गळ्यावर हात ठेवा. तर्जनी हनुवटीखाली, मधलं बोट त्यामागच्या हाडाच्या जागी, अनामिका आणि करंगळी कंठमण्याच्या वरच्या-खालच्या कडेवर, असं चार बोटांनी अगदी हलकं धरायचं. 'गिळा' म्हटल्यावर कंठमणी अनामिकेखालून वर सरकतो का, किती वेळाने सरकतो आणि एकाच गिळण्याला तीन-चार वेळा धडपडतो का, हे बोटांना कळतं. आधी सात-आठ निरोगी सहकाऱ्यांच्या गळ्यावर हे करून पाहा. साधं गिळणं हाताला कसं लागतं हे माहीत असल्याशिवाय बिघडलेलं ओळखता येत नाही.

या टप्प्यावर लाळ गळत असेल, लाळ गिळताच येत नसेल, किंवा रुग्ण सतत रुमालात लाळ थुंकत असेल, तर पाणी द्यायचं नाही. ज्याला स्वतःची लाळ सांभाळता येत नाही, त्याच्यावर पाण्याचा प्रयोग करून नवं काही कळणार नाही.

पाण्याची चाचणी

वेगवेगळ्या रुग्णालयांत वेगवेगळे फॉर्म असतात. गस चाचणीत आधी दाटसर मऊ पदार्थ, मग तीन, पाच, दहा, वीस आणि पन्नास मिलीलीटर पाणी, मग कोरडा घास, आणि एकूण वीस गुण. टोरांटोच्या पद्धतीत चमच्या-चमच्याने पाणी देऊन प्रत्येक वेळी आवाज ऐकतात. तुमच्याकडे जी पद्धत असेल ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाळा. दोन पद्धतींची खिचडी केली की निकालाला आधार राहत नाही.

मी इथे नव्वद मिलीलीटर पाण्याची चाचणी सांगतो, कारण ती सर्वात सोपी आहे. १९९२ साली ती स्ट्रोकच्या रुग्णांसाठी मांडली गेली, पुढे तिचंच नीट बांधलेलं रूप येल पद्धत म्हणून वापरात आलं. मोजून नव्वद मिलीलीटर साधं पाणी पेल्यात घ्या. रुग्णाला सांगा, 'हे सगळं पाणी न थांबता, सावकाश, सलग प्या.' हात कमजोर असेल तर पेला तुम्ही धरला तरी चालतो, मात्र मान मागे वळवून पाणी ओतायचं नाही. पिताना रुग्ण थांबला, पेला पूर्ण करू शकला नाही, किंवा पिताना वा लगेच नंतर ठसका लागला, खोकला आला, तर चाचणी नापास. पिऊन झाल्यावर लगेच उठून जाऊ नका. मूळ १९९२ च्या पद्धतीत पिऊन संपल्यावर एक मिनिटापर्यंत आलेला खोकला आणि ओला, घोगरा झालेला आवाजही धरतात. म्हणून मिनिटभर थांबा, पुन्हा 'आऽऽ' म्हणायला लावा आणि आधीच्या आवाजाशी ताडून पाहा.

'चमचाभर पाणी व्यवस्थित गेलं, मग एवढं नव्वद कशाला?' हा प्रश्न प्रत्येक तुकडीत कुणीतरी विचारतंच. कारण असं की थोडं पाणी खाली गेलं तर बोथट घशाला ते जाणवत नाही, जास्त गेलं तर जाणवून खोकला येऊ शकतो. चमच्यावर मूक राहिलेलं ॲस्पिरेशन पेल्यावर बोलकं होतं. शिवाय माणूस घरी चमच्याने पाणी पीत नाही, पेल्याने पितो. मात्र याच कारणासाठी आधीची पाहणी नीट झालेली हवी. लाळ न गिळणाऱ्याच्या हातात हा पेला देणं धोक्याचं आहे.

पास झाल्यावर, नापास झाल्यावर

पास झाला तर तोंडाने सुरू करा, पण पहिलं जेवण तुमच्या डोळ्यांसमोर होऊ द्या. पाणी आणि घास या वेगळ्या परीक्षा आहेत. कमजोर बाजूच्या गालात घास साठून राहतो आणि रुग्णाला ते कळतही नाही. जेवण झाल्यावर गालात बोट किंवा टॉर्च फिरवून पाहा. पुढच्या काही दिवसांत गुंगी वाढली, ताप आला, स्ट्रोक वाढल्याची शंका आली, तर आधीचा 'पास' रद्द समजून चाचणी पुन्हा करा.

नापास झाला तर तोंडाने पाणी, अन्न, गोळी सगळं बंद. खाटेवर ठळक पाटी लावा, नातेवाइकांना कारण सांगा. पाटी न वाचता प्रेमाने पाणी पाजणारं माणूस प्रत्येक घरात असतं, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याला कुणी समजावलेलं नसतं. शिरेतून पाणी सुरू करा. गोळ्या कशा द्यायच्या हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. काही औषधं इतर मार्गाने देता येतात, काही नाकातल्या नळीतून. पण हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या गोळ्या कुटायच्या नसतात, म्हणून प्रत्येक गोळीविषयी रुग्णालयाच्या फार्मासिस्टला विचारा. स्पीच थेरपिस्टला त्याच दिवशी निरोप द्या. चोवीस तासांनी चाचणी पुन्हा करता येते, आणि स्ट्रोकच्या पहिल्या काही दिवसांत बरेच रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पास होतात.

तोंड बंद म्हणजे तोंडाची निगा बंद, असा अर्थ लावू नका. उलट ती वाढवायची. रुग्ण काही खात नाही म्हणून तोंड कोरडं पडतं, जंतू वाढतात, आणि लाळ तर तो गिळत असतोच. दिवसातून दोन-तीनदा मऊ ब्रशने दात आणि जीभ, पाणी खाली जाणार नाही असं मान पुढे झुकवून किंवा कुशीवर वळवून साफ करा.

निकाल वाचताना एक गोष्ट लक्षात असू द्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे ३००० रुग्णांच्या अभ्यासात नव्वद मिलीलीटरच्या चाचणीने ॲस्पिरेशन होणाऱ्यांपैकी ९६.५ टक्के पकडले. पण ज्यांना ॲस्पिरेशन होत नव्हतं, त्यांच्यापैकीही जवळपास निम्मे नापास झाले. म्हणजे 'पास' बराच भरवशाचा, तर 'नापास' हा फक्त इशारा. नापासचा निकाल हातात धरून कुणाला आठवडाभर उपाशी ठेवता येत नाही. पुढचं पाऊल टाकावंच लागतं.

भुलवणाऱ्या तीन खुणा

घशाच्या मागच्या बाजूला काडी लावून ओकारी येते का पाहण्याची जुनी सवय अजून गेलेली नाही. ओकारीचा प्रतिक्षेप आणि गिळणं या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. निरोगी माणसांतही ती ओकारी बऱ्याच जणांना येत नाही. ती आली म्हणून गिळणं सुरक्षित नाही, आली नाही म्हणून असुरक्षित नाही.

बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या चिमट्यावर विसंबणं हा दुसरा भ्रम. आकडा न उतरताही ॲस्पिरेशन होऊ शकतं, आणि थोडं उतरायला इतर शंभर कारणं असतात.

आणि तिसरं, 'याचा स्ट्रोक सौम्य आहे.' हातापायांची ताकद चांगली, स्ट्रोकच्या तीव्रतेचे गुण कमी, म्हणून गिळणंही चांगलं असेल असं समजू नका. पुढचं उदाहरण याच गैरसमजातलं आहे.

यंत्राची तपासणी कधी मागायची

आत पाहण्याच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत रुग्णाला क्ष-किरणांच्या चलचित्रासमोर बसवून बेरियम मिसळलेले पातळ-घट्ट पदार्थ गिळायला देतात. तोंडापासून अन्ननलिकेच्या तोंडापर्यंत पूर्ण प्रवास बाजूने आणि समोरून दिसतो. तिला व्हिडिओफ्लुरोस्कोपी म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत नाकातून बारीक लवचीक दुर्बीण घशापर्यंत नेतात, तिला फीज म्हणतात, आणि १९८८ पासून ती वापरात आहे. फीज खाटेजवळ करता येते, किरण लागत नाहीत, साठलेली लाळ आणि स्वरतंतूंची हालचाल स्पष्ट दिसते. मात्र नेमक्या गिळण्याच्या क्षणी घसा आवळल्याने चित्र पांढरं होतं, आणि अन्ननलिकेचं तोंड कसं उघडतं ते दिसत नाही. तोंडातली जिभेची हालचालही दिसत नाही. रुग्णाला क्ष-किरण विभागात हलवणं शक्य नसेल तर फीज. अन्ननलिकेच्या तोंडाची शंका असेल तर व्हिडिओफ्लुरोस्कोपी. दोन्ही उपलब्ध असतील तेव्हा तुमचा प्रश्न काय आहे त्यावरून ठरवायचं.

मागायची कधी? मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: या तपासणीच्या उत्तराने उद्याचा माझा निर्णय बदलेल का? बदलणार असेल तरच तपासणी मागायची. रुग्ण वारंवार नापास होतोय आणि कारण कळत नाही, तेव्हा मागायची. खाटेजवळ सगळं ठीक दिसतंय, पण ताप येतोय, छातीत एका बाजूला खरखर आहे, आवाज अधूनमधून ओला होतोय, म्हणजे मूक ॲस्पिरेशनची शंका आहे, तेव्हा मागायची. ब्रेनस्टेमचा, म्हणजे मेंदूच्या देठाचा स्ट्रोक असेल तर लवकर मागायची. मानेची विशिष्ट ठेवण किंवा पदार्थाचा विशिष्ट घट्टपणा सुचवायचा असेल, तर तो खरोखर काम करतो का हे पाहण्यासाठी मागायची. आणि पोटातून कायमची नळी बसवण्याचा निर्णय घेण्याआधी मागायची.

रुग्ण जागा राहत नसेल, श्वास स्थिर नसेल, तर थांबायचं. साधी चाचणी पास झाला, जेवतोय, शंकेला जागा नाही, अशा रुग्णालाही उगाच पाठवायचं नाही.

तपासणीसाठीच्या चिठ्ठीवर 'गिळण्याचा त्रास, कृपया पाहावे' एवढंच लिहू नका. नेमका प्रश्न लिहा. 'पातळ पाण्यावर ठसका, घट्टवर नाही. उशीर होतोय की मागे उरतंय? मान वळवून फरक पडतो का?' अशा प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं.

एक उदाहरण, पायरीपायरीने

समजा, एक साठीतले गृहस्थ आलेत. सकाळी अचानक चक्कर, तोल जाणं, दोनदा उलटी, उचकी थांबत नाही, आवाज बसलेला. हातपाय व्यवस्थित हलतात, बोलणं समजतं. स्कॅनमध्ये मेंदूच्या देठाच्या डाव्या बाजूला, मेड्युलाच्या, म्हणजे देठाच्या सर्वात खालच्या भागाच्या, कडेला छोटा स्ट्रोक. चिठ्ठीवर लिहिलंय 'सौम्य स्ट्रोक', आणि दुपारी तोंडाने गोळ्या लिहिल्यात.

परिचारिका चाचणीला येते. जाग चांगली, नाव-ठिकाण बरोबर सांगतात, हसू सारखं, जीभ सरळ. इथपर्यंत सगळं पास होण्यासारखं. पण तिला उशीजवळ ओल्या टिश्यूंचा ढीग दिसतो. बोलता बोलता ते दर मिनिटाला लाळ टिश्यूत टाकत असतात. विचारल्यावर म्हणतात, 'गिळायला जातो, पण खाली उतरतच नाही.' ती टॉर्चने घसा पाहते. 'आ' म्हणताना मऊ टाळू उजवीकडे ओढली जाते, डावी बाजू लोंबती राहते. आवाज श्वास सुटल्यासारखा, खोकला फुसका. चार बोटं गळ्यावर ठेवून ती लाळ गिळायला सांगते. कंठमणी वर जातो, खाली येतो, पुन्हा जातो, असा चार-पाच वेळा, आणि तरीही ते शेवटी टिश्यूच उचलतात.

तिने पाण्याचा पेला उचललाच नाही. चाचणी लाळेवरच संपली. तोंड बंद, गोळ्यांचा मार्ग बदलून घेतला, स्पीच थेरपिस्टला त्याच संध्याकाळी बोलावलं. इथे कुणी 'ठसका लागतोय तर पाणी घट्ट करून देऊ' असं म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते पुढे दिसेल.

दुसऱ्या दिवशी फीज झाली. डावा स्वरतंतू हलत नव्हता, आणि स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंना असलेल्या खळग्यांत लाळेचं डबकं साठलेलं होतं, डावीकडे जास्त. गिळताना चित्र पांढरं होतं, म्हणून डबकं का साठतं याचं उत्तर त्यात मिळालं नाही. थेरपिस्टने चौथ्या दिवशी व्हिडिओफ्लुरोस्कोपी मागवली आणि प्रश्न लिहिला: 'अन्ननलिकेचं तोंड उघडतंय का? डावीकडे मान वळवून फरक पडतो का?'

पाच मिलीलीटर पातळ बेरियम, मान सरळ. गिळणं वेळेवर सुरू झालं, स्वरयंत्र वर उचललं गेलं, पण अन्ननलिकेचं तोंड जेमतेम फटीएवढं उघडलं. बहुतेक बेरियम खळग्यात अडून राहिलं आणि पुढच्या श्वासाबरोबर श्वासनलिकेत सांडलं. मग खोकला आला, पण सांडलेलं बाहेर आलं नाही. ॲस्पिरेशन मोजण्याचं एक ते आठ असं प्रमाण आहे. एक म्हणजे श्वासमार्गात काहीच गेलं नाही, आठ म्हणजे खाली गेलं आणि शरीराने दखलही घेतली नाही. हे सात होतं.

मग तोच पाच मिलीलीटरचा घोट, मान डावीकडे, म्हणजे कमजोर बाजूला, खांद्याकडे वळवून. मान वळल्याने त्या बाजूचा खळगा दबला जातो, घोट चांगल्या बाजूने उतरतो, आणि अन्ननलिकेचं तोंड थोडं जास्त उघडतं. या वेळी बराचसा घोट खाली गेला, थोडा मागे उरला, आणि दुसऱ्या कोरड्या गिळण्याने उरलेलाही कमी झाला. श्वासनलिकेत काही गेलं नाही.

नंतर घट्ट पदार्थ दिला. तो वरून हळू आला, पण अरुंद तोंडातून जाण्यासाठी लागणारी ताकद घशात नव्हती. जवळजवळ सगळा खळग्यात बसून राहिला. म्हणजे घट्ट करून देणं या रुग्णासाठी पातळ पाण्यापेक्षा वाईट ठरलं असतं. गिळण्याची सुरुवात उशिरा होते अशा रुग्णाला घट्टपणाने वेळ मिळतो. पण इथे बिघाड वेळेचा नव्हता, वाट न उघडण्याचा होता. खाटेजवळ बसून हे दोन बिघाड सारखेच दिसतात, दोन्हीकडे ठसकाच लागतो. त्यासाठीच ही तपासणी.

मग ठरलं असं: पोषण नाकातल्या नळीतून चालू. दिवसातून तीन वेळा, थेरपिस्ट किंवा शिकवलेली परिचारिका समोर असताना, तोंड स्वच्छ करून, मान डावीकडे वळवून, पाच मिलीलीटरचे पातळ पाण्याचे घोट, प्रत्येक घोटाला दोनदा गिळणं, मग एकदा खोकणं. आवाज ओला झाला तर त्या वेळेपुरतं बंद. घट्ट पदार्थ नाही. चिठ्ठीवर मान कोणत्या बाजूला वळवायची ते बाणाचं चित्र काढून लिहिलं, कारण रात्रपाळीत 'कमजोर बाजू' म्हणजे कोणती याचा गोंधळ होतोच. या प्रकारच्या स्ट्रोकमध्ये कमजोर घसा एका बाजूला आणि शरीराची बधिरता बहुधा दुसऱ्या बाजूला असते.

पुन्हा पाहायचं कधी

खाटेजवळची चाचणी सुरुवातीला रोज करता येते. यंत्राची तपासणी मात्र काहीतरी बदललं की पुन्हा करायची, तारीख आली म्हणून नव्हे. या गृहस्थांच्या बाबतीत बदल दिसायला दोन आठवडे गेले. टिश्यू कमी झाले, मग दिवसभरात एखादाच, आवाज थोडा भरला, खोकला कोरडा आणि तुटक यायला लागला. तेव्हा दुसरी व्हिडिओफ्लुरोस्कोपी झाली. मान सरळ ठेवूनही पाच मिलीलीटर सुरक्षित गेलं, पण पेल्याने सलग पिताना अजून मागे उरत होतं. म्हणून मान वळवून मऊ अन्न सुरू झालं, आणि जेवणातून पुरेसं पोट भरतंय हे वजनावरून आणि रोजच्या नोंदीवरून दिसेपर्यंत नाकातली नळी ठेवली.

मोठ्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये बऱ्याच जणांचं गिळणं पहिल्या दोन आठवड्यांत सावरतं. मेड्युलाच्या स्ट्रोकला जास्त वेळ लागू शकतो, कधी काही महिनेही. नाकातली नळी चार आठवड्यांच्या पुढे लागेल असं दिसलं की पोटातून नळी बसवण्याचा विचार करतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, पहिल्या काही दिवसांतच पोटातून नळी बसवल्याने नाकातल्या नळीपेक्षा फायदा दिसला नाही, म्हणून त्याची घाई करत नाहीत. पोटातली नळी बसली तरी तोंडाचे सराव घोट चालूच ठेवायचे, आणि घरी जाताना नातेवाइकांच्या हातात तोच बाणाचा कागद, घोटाचं माप आणि पुन्हा दाखवायची खूण लिहून द्यायची: ताप, जेवताना वाढलेला खोकला, किंवा जेवणानंतर ओला राहणारा आवाज.